शाळेतली उंचीची शिबिरं: गोव्यातल्या पालक-शिक्षक संघांना खुले पत्र

गोव्यातल्या शाळांच्या पालक-शिक्षक संघांचे अध्यक्ष, सदस्य आणि मुख्याध्यापक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली 22 वर्षं फोंडा तालुक्यात मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. गेल्या नोव्हेंबरात एक आई आपल्या सातवीतल्या मुलाला घेऊन आली. मुलाला ताप नव्हता, खोकला नव्हता. तिने पर्समधून घडी घातलेल्या दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीवर जूनची तारीख आणि 144.5 सेंटीमीटर, दुसरीवर नोव्हेंबरची तारीख आणि 150.0. दुसऱ्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला होता. मुलाच्या शाळेत उंची तपासणीचं शिबिर झालं होतं. दुधात घालून प्यायच्या पावडरीचे विक्रेते आले होते. त्यांनी सभागृहाच्या भिंतीवर टेप चिकटवून मुलांना मोजलं, डबे विकले, आणि पाच महिन्यांनी पुन्हा येऊन मोजलं. साडेपाच सेंटीमीटर वाढ झाली ती डब्यातल्या कॅल्शियमची आणि ड जीवनसत्त्वाची, असं पालकांना सांगितलं.

तिचे तीन डबे संपले होते आणि चौथा आणावा का, एवढंच तिला विचारायचं होतं. त्याशिवाय शेजारणीच्या सांगण्यावरून ती मुलाला दर रविवारी ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी दुधातून देत होती. हेही जूनपासून. "मासळी आता एक दिवसाआड आणते, डॉक्टर. डबा परवडायला हवा ना," असं ती म्हणाली. हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि हे पत्र त्यामुळेच लिहिते आहे. त्या शाळेचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण अशा शिबिरांना परवानगी द्यायचा विषय बहुतेक वेळा तुमच्या बैठकीत येतो. दूध, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांनी मुलाची मोठेपणीची उंची खरोखर बदलते का, हे तुम्हाला नीट माहीत असावं असं मला वाटतं.

आधी त्या मुलाचे आकडे पाहू. योगायोगाने जूनमध्ये तो तापासाठी माझ्याकडे आला होता. मी येणाऱ्या प्रत्येक मुलाची उंची मोजते, त्यामुळे माझ्या नोंदवहीत त्याची उंची होती: 145.2. नोव्हेंबरात मी त्याच उंचीमापकावर, तशाच सकाळच्या वेळी पुन्हा मोजली: 149.3. म्हणजे वाढ 4.1 सेंटीमीटर, साडेपाच नव्हे.

मधले 1.4 सेंटीमीटर कुठून आले? मुलाला आठवत होतं की पहिलं मोजमाप शेवटच्या तासाला झालं होतं, पीटीचा तास संपल्यावर, आणि दुसरं सकाळी प्रार्थनेनंतर लगेच. दिवसभर उभं राहून, धावून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात. सकाळच्या मानाने संध्याकाळी माणूस साधारण सेंटीमीटरभर बुटका भरतो. रात्री आडवं झाल्यावर ती उंची परत येते. त्यात भर म्हणजे डोक्यावर काटकोनी फळीऐवजी वही धरली होती. वही जराशी तिरकी झाली किंवा मुलाने हनुवटी वर केली की अर्धा-पाऊण सेंटीमीटर इकडेतिकडे होतो. पहिला आकडा खाली गेला, दुसरा वर गेला, आणि दोन्ही चुका वाढीच्या खात्यात जमा झाल्या.

तरीही पाच महिन्यांत 4.1 सेंटीमीटर ही मोठीच वाढ आहे. वर्षाचा हिशेब केला तर जवळजवळ दहा. त्याचं कारण तपासताना लगेच दिसलं: मुलगा पौगंडावस्थेच्या ऐन वाढीत होता. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. मग एक टप्पा येतो, मुलींमध्ये आधी आणि मुलग्यांमध्ये साधारण दोन वर्षं उशिरा. त्या टप्प्यात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरपर्यंत उंचावतो. सातवी-आठवीच्या वर्गात निम्मी मुलं या टप्प्याच्या आसपास असतात. त्या वर्गाला पाच महिने काहीही दिलं, अगदी नुसतं पाणी दिलं, तरी चिठ्ठीवरचा दुसरा आकडा आईला आनंद देणाराच येणार. पावडर न घेतलेल्या मुलांना त्या शिबिरात दुसऱ्यांदा कोणी मोजलंच नव्हतं.

मापनाची ही अडचण शंभरेक वर्षं जुनी आहे, आणि ती प्रथम गाजली ती दुधाच्याच प्रश्नावर. 1930 साली स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यात शाळेतल्या 20,000 मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. दहा हजारांना फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पाइंट, म्हणजे सव्वाचारशे मिलीलिटरच्या आसपास दूध, आणि दहा हजार मुलं तुलनेसाठी बिनदुधाची. निकाल दुधाच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी त्या प्रयोगातली भगदाडं दाखवून दिली. दुधाच्या गटात कोण आणि बिनदुधाच्या गटात कोण, हे चिठ्ठ्या टाकून किंवा आडनावांच्या क्रमाने ठरवलं होतं खरं, पण गट विषम वाटला तर अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांचं मन द्रवलं आणि त्यांनी गरीब, किडकिडीत मुलांना दुधाच्या गटात घातलं. त्यामुळे प्रयोग सुरू होतानाच बिनदुधाची मुलं उंचीने आणि वजनाने सरस होती. वजनं कपड्यांसकट केलेली. फेब्रुवारीत लोकरीचे जाड कपडे, जूनमध्ये हलके. ज्यांच्याकडे जाड कपडे होते त्या खात्यापित्या घरच्या मुलांचं वजन जूनमध्ये त्या मानाने कमी वाढलेलं दिसलं, आणि तशी मुलं बिनदुधाच्या गटात जास्त होती. गॉसेट यांनी सुचवलं की 20,000 मुलांपेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या 50 जोड्या घ्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला दूध द्या. त्यातून जास्त खात्रीचं उत्तर मिळेल आणि खर्चही कितीतरी कमी होईल. मला त्या शिक्षकांची करुणा कळते. मीही कदाचित तेच केलं असतं. पण त्या करुणेने उत्तर मात्र धूसर झालं.

मग दुधाने उंची वाढते की नाही? मूल आधी काय खात होतं, त्यावर ते अवलंबून आहे. 1926 साली इंग्लंडमधल्या कॉरी मान यांनी लंडनजवळच्या एका वसतिगृहातल्या मुलग्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या साध्या जेवणावरची मुलं वर्षात 1.84 इंच वाढली. त्याच जेवणावर रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त दूध मिळालेली मुलं 2.63 इंच वाढली. फरक जवळजवळ दोन सेंटीमीटरचा, आणि तो एका वर्षात. हा आकडा आजही दुधाच्या जाहिरातींमागे कुठेतरी उभा असतो. पण त्यानंतर पन्नासेक वर्षांनी वेल्समध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी 190 मिलीलिटर दूध देऊन तसंच पाहिलं. त्यातली बरीच मुलं साध्या, कष्टकरी घरांतली होती, पण उपाशी नव्हती. जवळजवळ दोन वर्षांनी दूध मिळालेल्यांची उंची इतरांपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर जास्त भरली. दोन सेंटीमीटर आणि तीन मिलिमीटर, यांच्यातलं अंतर म्हणजे भुकेल्या मुलाच्या आणि पोटभर खाणाऱ्या मुलाच्या ताटातलं अंतर आहे.

अशा बारा चाचण्या एकत्र करून 2012 साली काढलेला सरासरी अंदाज असा, की रोज एक मोठा ग्लास, म्हणजे सुमारे 245 मिलीलिटर दूध जास्त दिलं तर वर्षाला चार मिलिमीटर वाढ जास्त होते. त्यातल्या कित्येक चाचण्या जुन्या, आणि कित्येक कमी उंचीच्या किंवा कमी खायला मिळणाऱ्या मुलांमधल्या. हा दुधाचा परिणाम कॅल्शियममुळेच होतो असंही नाही. डेन्मार्कमध्ये आठ वर्षांच्या मुलग्यांना आठवडाभर रोज दीड लिटर साय काढलेलं दूध दिलं, आणि दुसऱ्या गटाला तेवढ्याच प्रथिनांचं मांस. मांस खाणाऱ्यांच्या रक्तात फारसा बदल झाला नाही. दूध पिणाऱ्यांच्या रक्तात हाडं लांबवणारा एक वाढघटक, आयजीएफ-1, सुमारे एकोणीस टक्क्यांनी वाढला. म्हणजे दुधातला जो भाग उंचीशी बोलतो तो बहुधा त्यातलं प्रथिन आहे. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेलं कॅल्शियम हाडं भरीव करतं. लांबी वाढवणं हे काम वेगळं आहे.

इथे थोडं थांबून हाड लांब कसं होतं ते सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. मांडीच्या किंवा पिंडरीच्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यातल्या पेशी एकीवर एक रचत जातात, आणि मागची रांग कॅल्शियम धरून हाड बनते. जोवर चकतीत नव्या पेशी जन्मत आहेत, तोवर उंची वाढते. वयात येताना शरीरात इस्ट्रोजन वाढतं, मुलग्यांमध्येसुद्धा. ते आधी या चकतीचा वेग वाढवतं आणि नंतर हळूहळू ती बंद करतं. त्यामुळे मोठेपणीची उंची दोन गोष्टींवर ठरते: मूल किती वेगाने वाढतं आणि किती वर्षं वाढतं. शाळेच्या भिंतीवरची टेप फक्त पहिली गोष्ट मोजते.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाच्या खेड्यांत झालेला अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. तिथल्या मुलांच्या जेवणात दिवसाला सुमारे 300 मिलीग्रॅम कॅल्शियम. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी आपल्याकडे 850 मिलीग्रॅमची शिफारस आहे, म्हणजे ते तिच्या निम्म्याहूनही कमी. कॅल्शियमने कुठे उंची वाढायची असेल तर अशा मुलांमध्ये वाढायला हवी. आठ ते बारा वर्षांची 80 मुलगे आणि 80 मुली घेतल्या. चिठ्ठी टाकून निम्म्यांना वर्षभर, आठवड्यातले पाच दिवस, 1000 मिलीग्रॅम कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. वर्ष संपलं, गोळ्या बंद झाल्या. पण संशोधकांनी मोजणं थांबवलं नाही. मुलं मोठी होईपर्यंत ते मोजत राहिले.

कॅल्शियम घेतलेले मुलगे वाढीच्या ऐन टप्प्यात इतरांपेक्षा साधारण सात महिने आधी पोचले. साडेपंधराव्या वर्षी ते दोन सेंटीमीटर उंच होते. त्या दिवशी कोणी त्या गावात शिबिर घेतलं असतं, तर कॅल्शियमचा विजय झाला असता. पण ते थांबलेही लवकर. साडेतेवीसाव्या वर्षी, वाढ पूर्ण झाल्यावर, तेच मुलगे गोळी न घेतलेल्यांपेक्षा साडेतीन सेंटीमीटर बुटके भरले. मुलींमध्ये असा फरक आढळला नाही.

मला इथे जपून बोललं पाहिजे. हा ऐंशी मुलग्यांचा एकच अभ्यास आहे. "कॅल्शियमने मुलं बुटकी होतात" असा अर्थ त्यातून कोणी काढू नये, आणि डॉक्टरांनी काही कारणासाठी दिलेली गोळी हे पत्र वाचून कोणी बंद करू नये. पण पाच महिन्यांत, वर्षात, अगदी पाच वर्षांत दिसलेली जास्तीची उंची ही अखेरची उंची असतेच असं नाही, हे त्यातून स्वच्छ दिसतं. जे वाढलं ते पुढून उसनं घेतलेलं असू शकतं. आणि दुधाच्या ज्या चाचण्यांचे आकडे मी वर दिले, त्या बहुतेक एक-दोन वर्षांत संपलेल्या आहेत. त्यांतली मुलं विशीत गेल्यावर कुठे थांबली, हे त्या आकड्यांत नाही.

ड जीवनसत्त्वाबद्दल फार लिहावं लागत नाही, कारण तिथे उत्तर जास्त स्पष्ट आहे. मंगोलियाची राजधानी उलानबातरमध्ये सहा ते तेरा वर्षांच्या 8,851 शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला 14,000 युनिट ड जीवनसत्त्व किंवा तसंच दिसणारं बिनऔषधी दिलं. तिथला हिवाळा लांबलचक. सुरुवातीला शंभरातल्या पंचाण्णव मुलांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होतं. तीन वर्षांत ते भरून निघालं. उंचीत दोन गटांमध्ये फरक पडला नाही. दिल्लीत कमी वजनाच्या बाळांना पहिले सहा महिने ते दिलं तेव्हा लांबीत थोडा फायदा दिसला, पण तीच मुलं तीन ते सहा वर्षांची झाल्यावर मोजली तर तो उरला नव्हता.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो मी लपवणार नाही. मुडदूस. मनगटं जाड दिसतात, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात किंवा गुडघे एकमेकांना घासतात, चालताना मूल डुलतं, पाय दुखतात म्हणून धावत नाही. अशा मुलाच्या चकतीत पेशी जन्मतात पण त्यांचं हाड होत नाही, आणि वजनाने पाय वाकतात. तिथे ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम हेच औषध आहे. ते दिल्यावर वाढ परत सुरू होते, वाकलेले पाय बरेचसे सरळ होतात आणि मूल खरोखर उंच होतं. पण हे रक्ताच्या तपासणीतून आणि मनगटाच्या एक्सरेवरून ठरवायचं असतं. वर्गातल्या चाळीस मुलांना सरसकट डबा देऊन मुडदूस असलेलं मूल सापडत नाही, उलट ते त्या चाळीसांत हरवतं.

त्या आईच्या रविवारच्या पुडीबद्दलही सांगते. कमतरता ठरली की आम्ही डॉक्टर 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडे देतो आणि थांबवतो. तिने ती पाच महिने चालवली होती. मुलाच्या रक्तात जीवनसत्त्वाचं प्रमाण बरंच वर गेलं होतं, कॅल्शियम सुदैवाने अजून मर्यादेत होतं. ते वर गेलं असतं तर भूक मरते, उलट्या होतात, शौचाला कडक होते, सारखी तहान लागते आणि पुढे मूत्रपिंडात खडे धरतात. ही पुडी म्हणजे मुलाचं टॉनिक, असा समज आपल्याकडे घरोघरी झाला आहे. पालकांच्या एखाद्या सभेत तुम्ही एवढं जरी सांगितलंत तरी मोठं काम होईल.

उंचीचा फार मोठा भाग आईवडिलांकडून येतो. जो भाग आपल्या हातात असतो, तो बहुतांशी पोटातल्या नऊ महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत असतो: आईचं खाणं आणि रक्त, वारंवार होणारे जुलाब आणि न्यूमोनिया, सहा महिन्यांनंतर बाळाला मिळणारा वरचा आहार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 20.1 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. 2019-20 च्या पाचव्या फेरीत हा आकडा 25.8 झाला. आपल्या राज्यातल्या चारांतल्या एका बाळाची उंची शाळेचं दार बघण्याआधीच मागे पडलेली आहे, आणि सातवीत विकलेला डबा तिथे पोचत नाही.

आता तुमच्याकडून मला काय हवं आहे ते सांगते.

मोजून डबे विकणाऱ्यांना शाळेचं सभागृह देऊ नका. त्याऐवजी मुलांना शाळेनेच मोजावं, वर्षातून दोनदा, सहा महिन्यांच्या अंतराने, दोन्ही वेळा सकाळी पहिल्या तासाला. यापेक्षा कमी अंतराने मोजून उपयोग नाही, कारण आठ वर्षांचं मूल दोन महिन्यांत वाढतं सेंटीमीटरच्या आसपास आणि मोजण्यातली चूकच अर्धा सेंटीमीटर असते. भिंत अशी निवडा जिच्या तळाशी फरशीची पट्टी पुढे आलेली नाही, नाहीतर टाच भिंतीला टेकत नाही. मोजताना मुलाचे बूट-मोजे काढा, मुलींच्या वेण्या आणि अंबाडे सोडवा. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला, गुडघे सरळ. डोळ्याच्या खोबणीची खालची कडा आणि कानाच्या भोकाची वरची कडा एका आडव्या रेषेत यावी. ही रेषा आली की हनुवटी आपोआप योग्य जागी येते. डोक्यावर काटकोनी फळी टेकवून केस दाबले जातील इतकी खाली आणा. एकदा मोजल्यावर मुलाला भिंतीपासून दूर जाऊन परत उभं करा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

हे आकडे वहीत न ठेवता तक्त्यावर मांडा. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलामुलींसाठी भारतीय बालरोग अकादमीचे 2015 चे वाढीचे तक्ते आहेत. मुलगे आणि मुली यांचे वेगळे. तक्त्यावर सर्वांत खालच्या, म्हणजे 3 हा आकडा लिहिलेल्या रेषेच्याही खाली असलेलं मूल, किंवा वयात यायच्या आधी वर्षभरात चार सेंटीमीटरहून कमी वाढलेलं मूल, किंवा आधी एका रेषेवर चाललेलं आणि आता खालच्या रेषेकडे घसरलेलं मूल डॉक्टरकडे पाठवा. अशा मुलांत थायरॉईड मंदावलेली सापडते, गव्हाचं प्रथिन न पचण्याचा आजार सापडतो, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता सापडते, मुलींमध्ये गुणसूत्राच्या जन्मजात दोषातून येणारा टर्नर सिंड्रोम सापडतो. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे, पण तो कूर्चेची चकती उघडी असेपर्यंतच. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे चौदाव्या वर्षी आली. आठवीपर्यंत ती वर्गात पहिल्या बाकावर बसत होती, उंची कमी म्हणून. घरच्यांनी दोन वर्षं तिला वेगवेगळे डबे दिले होते. तिची थायरॉईड मंद होती. औषध सुरू झालं, मुलगी तरतरीत झाली, पण त्या दोन वर्षांतली सगळी उंची परत आली नाही.

खाण्याचं बोलायचं तर दूध जरूर द्यावं. वाढत्या हाडांना कॅल्शियम लागतंच, उंचीसाठी नसलं तरी हाड भरीव होण्यासाठी. पण शंभर मिलीलिटर दुधात साधारण 120 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, आणि आपल्या नाचणीत शंभर ग्रॅमला तीनशेहून जास्त. तीस ग्रॅम नाचणीच्या पिठाचं तिजान, एक ग्लास दूध, एक वाटी दही, आणि काटा चावून खाता येईल अशी बारीक मासळी किंवा किसमुरीतली सुकी सुंगटं एवढं मुलाच्या दिवसभराच्या ताटात असेल, तर पावडर आणायची गरज उरत नाही. शाळेचं माध्यान्ह भोजन करणाऱ्या बचतगटाच्या महिलांशी तुमचा संबंध असतोच. आठवड्यातून दोनदा नाचणीचं काही करता येईल का, हे त्यांना विचारून बघा. एक इशारा मात्र देते: दुधाच्या नादात मूल रोज अर्ध्या लिटरहून बरंच जास्त दूध पिऊ लागलं की जेवणावरची इच्छा जाते आणि रक्तातलं लोह घसरतं. असं फिकुटलेलं मूलही वाढत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. वडिलांची उंची 168, आईची 154. दोन्हींच्या बेरजेत मुलग्यासाठी 13 मिळवून दोनाने भागलं की 167.5 येतं, आणि बहुतेक मुलगे त्याच्या आठ-साडेआठ सेंटीमीटर अलीकडे-पलीकडे थांबतात. म्हणजे हा मुलगा 159 ते 176 यांच्यामध्ये कुठेतरी थांबेल. हे मी कागदावर लिहून आईला दाखवलं. तिला वाटत होतं की डबा बंद केला तर वाढ थांबेल, म्हणून तिच्यासमोरच तक्त्यावर मुलाचे सहा वर्षांचे ठिपके जोडले. पहिलीपासून तो एकाच रेषेवर चालत आला होता, डबा नसतानाही. पुडी त्याच दिवशी बंद केली, दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं ठरलं. चौथा डबा ती आणणार नाही. मेमध्ये, सकाळी साडेनऊला, त्याला पुन्हा मोजायचं आहे.

ज्या शाळेला उंचीमापक घ्यायचं आहे आणि मोजणाऱ्या शिक्षकांना एकदा हाताने करून दाखवायला हवं आहे, त्या शाळेत मी शनिवारी सकाळी येईन. त्याचे पैसे लागणार नाहीत.

आपली,
फोंडा तालुक्यातली एक बालरोगतज्ज्ञ